मागचा ॲक्सल घोंघावतो तेव्हा या चुका टाळा

मागून घोंघावण्याचा आवाज येऊ लागला की शिकाऊ कारागिराचा हात सरळ क्राउन या ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या ॲडजस्टरकडे जातो, कारण बॅकलॅश म्हणजेच दात्यांमधला प्ले कमी केला की आवाज थांबेल, अशी त्याची समजूत असते. माझ्याकडे मात्र बॅकलॅशची पाळी सर्वांत शेवटी येते.

सासवडहून दिवे घाट उतरून मार्केट यार्डात माल आणणारा एक पिकअप माझ्याकडे आला होता. ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगात ॲक्सिलरेटर दाबला की तो घोंघावत असे आणि पाय काढला की आवाजाचा सूर बदलत असे. आवाज टायरचा असता, तर तो पायाबरोबर नव्हे, रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर बदलला असता. ॲक्सलमध्ये तेल भरायच्या भोकाचा फिलर प्लग काढून बोट घातले, तर तेल बोटाला लागलेच नाही. गाडी सपाट जागी उभी असताना ते भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे. तेल भरून गाडी मालकाच्या हवाली करणे सोपे होते, पण ते गेले कुठे, हा प्रश्न उरतच होता.

क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा, म्हणजे पिनियनचा, ऑइल सील तीन महिन्यांत दोनदा बदललेला होता. गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवून पिनियनचा फ्लँज हाताने वरखाली हलवला, तेव्हा स्पष्ट खेळ जाणवला. बेअरिंग झिजल्याने पिनियन मध्यावर राहत नव्हता आणि नवा सीलही गळत होता. सील बदलताना कोणीतरी नटावर खूण न करताच एअर गनने तो आवळला असावा, कारण आतला दबणारा स्पेसर गरजेपेक्षा जास्त चेपलेला होता. जास्त ताणाने बेअरिंग तापते, रोलरांना खड्डे पडतात आणि मग खेळ येतो. नुसता सील बदलताना मी नट आणि शाफ्टवर पंचाने खूण करतो व नट तिथवरच परत आणतो. बेअरिंग बदलले, तर स्पेसर नवाच घालतो आणि फिरवण्यास लागणारा जोर वारंवार मोजत नट थोडाथोडा आवळतो. तो जास्त आवळला गेल्यास ढिला करून चालत नाही. पुन्हा नवा स्पेसर घालावा लागतो. घाईच्या माणसाने हे काम घेऊच नये.

त्यानंतर डायल गेज लावून क्राउनवर चार ठिकाणी बॅकलॅश मोजावा. बऱ्याच गाड्यांत तो ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा. पिनियन डुगडुगत असताना घेतलेले माप निरर्थक असते.

आवाज दाबण्यासाठी जाड तेल ओतू नये. ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर साफ करावा, कारण तो तुंबला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

नव्या बेअरिंगनंतर त्या पिकअपचा आवाज बराच उतरला, पण पूर्ण गेला नाही. कमी तेलावर चाललेल्या दात्यांचा पृष्ठभाग खरवडला गेला होता, आणि क्राउन व पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, हे मालकाला सांगावे लागले.