वंशावळीचा कागद मजकुरात कसा उतरवावा

रामकुंडावर विधीसाठी आलेली मंडळी तीर्थोपाध्यायांच्या वहीतून घराण्याची नावं उतरवून घेतात. घरी आजोबांनी चार फुलस्केप चिकटवून काढलेला एक कागद असतोच. मग कुणीतरी उत्साही पुतण्या हे सगळं एक्सेलमध्ये चौकोन करून भरायला बसतो आणि तिसऱ्या पिढीत थांबतो. चौकोन नकोत, रेघाही नकोत. साध्या नोटपॅडमध्ये, डावीकडची जागा सोडत लिहिलेली वंशावळ पुरते. ती फोनवर वाचता येते, शोधता येते आणि मध्ये एखादं नाव घुसवलं तरी बाकीचं हलत नाही.

कागदाचा फोटो सपाट उजेडात काढा, पेन्सिलीतल्या नोंदी दिसतील असा. मजकूर मोडीत असेल तर मोडी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, अंदाजाने वाचू नका.

प्रत्येक पिढीला चार स्पेस. टॅब वापरू नका, एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना टॅबची रुंदी बदलते. वर्षं एकाखाली एक यावीत म्हणून मध्ये स्पेस भरत बसू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, ती ओळ कधीच जुळणार नाही. नावाआधी क्रमांक द्या: पहिल्याचा १, त्याच्या मुलांचे १.१, १.२. पुढेमागे स्पेस उडाल्या तरी क्रमांकावरून पिढी कळते.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी गाठ लग्नांपाशी असते.

जुने कागद पुरुषांच्या नावांनी चालतात. मुलांकडे जाणारी रेघ बापाच्या नावाखालून निघते, बायको कोपऱ्यात, बहुतेक वेळा नंतर वेगळ्या शाईने लिहिलेली. एकच बायको असेल तोवर चालून जातं. दोन असल्या की कुठलं मूल कुणाचं हे रेघ सांगत नाही. बायकोला नवऱ्याच्या खाली एक पायरी आत लिहा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो धुडकावून लावा. तसं केलं की बायको मुलीच्या रांगेत बसते आणि पिढ्या मोजताना गोंधळ होतो. बायको नवऱ्याच्याच रांगेत, पुढे अधिकचं चिन्ह. तिची मुलं तिच्याखाली चार स्पेस आत. दुसरी बायको पुन्हा त्याच रांगेत, पहिलीची मुलं संपल्यावर.

निफाडकडच्या एका घराण्याचा कागद घेऊ, नावं बदलून. महादेवाच्या खाली एका आडव्या रेघेवर पाच मुलं. उजवीकडे पार्वती, डावीकडे पेन्सिलीने राधा. उतरवल्यावर ते असं दिसतं, त्यात 'मु.' म्हणजे मुलगी, 'मृ.' म्हणजे मृत्यू, 'ज.' म्हणजे जन्म:

```
१ सदाशिव
+ गंगा
    १.१ महादेव
    + (१) पार्वती, मृ. शके १८३१
        १.१.१ गोविंद
        + यमुना
            १.१.१.१ इंदू (मु.), पाहा १.१.३.१
        १.१.३ काशी (मु.)
        + रामचंद्र, येवला
            १.१.३.१ दत्तात्रय
            + सुलोचना = १.१.१.१ इंदू
    + (२) राधा
        १.१.२ विठ्ठल, दत्तक गेला, पाहा १.२.१
        १.१.५ बाळकृष्ण, ज. शके १८३४
    + (?)
        १.१.४ द्वारका (मु.), ज. शके १८२९
    १.२ केशव
    + अन्नपूर्णा
        १.२.१ विठ्ठल (दत्तक, जन्म १.१.२)
```

क्रमांक उलटसुलट दिसतात ते मुद्दाम. क्रमांक बापाच्या मुलांमधला थोरला-धाकटा सांगतो आणि आई कोण ते जागा सांगते. दोन्ही एकाच गोष्टीवर लादलं की एक माहिती हरवते.

आता आई कशी ठरवली ते पाहा. विठ्ठलाच्या नावाशेजारी बारीक 'ध.' होता, म्हणजे धाकटीचा. बाळकृष्ण पार्वतीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी जन्मला आणि तिसऱ्या लग्नाची कुठे खूण नाही, म्हणून तो राधेचा. द्वारकेचं मात्र ठरत नाही. लोक म्हणतात, पहिली वारल्यावरच दुसरी केली असणार, मग शके १८२९ मधली द्वारका पार्वतीचीच. असं अजिबात गृहीत धरू नका. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने. त्याआधी दोघी एका घरात नांदत असतील, आणि इथे तर विठ्ठल काशीच्या आधी जन्मलाय, म्हणजे नांदत होत्याच. द्वारका प्रश्नचिन्हाखाली राहू द्या. घरातल्या एखाद्या आत्याआजींना विचारलं तर उत्तर मिळेलही, पण स्वतः तर्क लढवून एखादीच्या पदरात घातलेलं मूल पुढच्या चार प्रतींत तसंच उतरत जातं.

विठ्ठल दोनदा आलाय. मूळ कागदावरही तो दोनदा आहे, एकदा महादेवाखाली, एकदा निपुत्रिक केशवाखाली. बेसावधपणे उतरवलं तर दोन चुलतभाऊ तयार होतात. नियम एकच ठेवा: माणसाची पुढची पिढी जिथे चालली तिथे पूर्ण नोंद, दुसरीकडे फक्त 'पाहा'. विठ्ठलाची मुलं 'विठ्ठल केशव' याच नावाने पुढे गेली, म्हणून पूर्ण नोंद केशवाखाली. पण जन्माची ओळ पुसू नका. दत्तक गेला तरी जन्मघराण्यात ज्या नात्यांत लग्न चालत नाही ते निषेध कायम राहतात, १९५६ च्या दत्तक कायद्यातही तसंच आहे.

हाच नियम इंदूला. तिने आत्याच्या मुलाशी लग्न केलं, मामाची मुलगी करण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. लग्नात नाव बदललं आणि कागदावर इंदू व सुलोचना अशा दोन बायका झाल्या. हे पकडायची खूण माहेरात असते. प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव मिळवा आणि ते वडील याच वंशावळीत आहेत का ते शोधा. सुलोचनेच्या लग्नपत्रिकेत वडिलांचं नाव 'गोविंद महादेव' होतं, तेवढ्यावर उलगडा झाला. मराठी नावात बापाचं नाव मधे असतं हा आपला मोठा फायदा आहे. तेच आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असलं की पिढीही मधल्या नावावरूनच ठरवा, कागदावर ते किती वर किंवा खाली लिहिलंय त्यावरून नाही.

शकाचं साल आहे तसं लिहा. इसवी सन हवा असेल तर चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष आणि पौष दोन वर्षांत विभागलेले असू शकतात, तिथे तिथी बघावी लागते. शके १८३१ चा माघ म्हणजे १९१०, १९०९ नव्हे.

शेवटी मोजणी. कागदावरची सगळी नावं मोजा, बायका आणि कोपऱ्यातल्या मुलींसकट. मग मजकुरातल्या ओळी मोजा. वरच्या तुकड्यात नावांच्या अठरा ओळी आहेत, पण माणसं सोळाच, कारण विठ्ठल आणि इंदू यांच्या दोन दोन ओळी आहेत. तुमच्याकडे प्रत्येक जास्तीच्या ओळीला एक 'पाहा' सापडला पाहिजे. तो सापडत नसेल तर एकच माणूस दोन नावांनी बसलाय, आणि बहुतेक वेळा ती सून असते.