भरिताला इंग्रजीत काय म्हणायचं?

जळगावात हॉटेलांची मेनूकार्डं इंग्रजीत करायचं काम अधूनमधून मिळतं, कारण अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे पुष्कळदा इथे उतरतात. या कामात नवीन असाल तर शब्दकोश उघडण्याआधी भटारखान्यात जा. भाजलं कशावर, वाटलं की ठेचलं, वरून काय टाकलं, हे आचाऱ्याला विचारा.

भरीतच घ्या. बहुतेक कार्डांवर ‘मॅश्ड ब्रिंजल’ असतं. मॅश म्हटलं की पाहुण्याला उकडलेल्या बटाट्याचा लगदा आठवतो, आणि ब्रिंजल हा शब्द युरोप-अमेरिकेत फारसा कुणाला कळत नाही. आपल्याकडे मोठी हिरवी वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काट्यांवर भाजतात, साल काढून लाकडी बडगीत ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालतात. म्हणून मी ‘भरीत’ हे नाव रोमन लिपीत तसंच ठेवतो आणि खाली एक ओळ देतो: ‘फायर-रोस्टेड एगप्लांट, हँड-पाउंडेड विथ ग्रीन चिली, गार्लिक, पीनट्स अँड स्प्रिंग अनियन’. एगप्लांट अमेरिकी, ऑबर्जिन ब्रिटिश. कुठलाही एक घ्या, पण कार्डभर तोच ठेवा. वांगी गॅसवर भाजली असतील तर काट्यांचा उल्लेख करू नका, मालकाने कितीही आग्रह धरला तरी. ‘बाबा गनूश’शी तुलनाही नको, त्यात तिळाची पेस्ट असते, आपल्यात नसते.

त्या ओळीतून पीनट्स कधीच गाळायचे नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि आपल्याकडे कूट रश्शात असा मिसळून जातो की तो दिसतही नाही. त्यामुळे प्रत्येक रश्शाबद्दल हा प्रश्न वेगळा विचारा.

शेवभाजीत ‘भाजी’चं व्हेजिटेबल केलं की पाहुणा ताटात भाजी शोधत बसतो. मी लिहितो: ‘क्रिस्प चिकपी-फ्लोअर स्ट्रँड्स इन अ व्हेरी स्पायसी डार्क-मसाला करी’. इथे ‘हॉट’ टाळा, तो गरम की तिखट हे कळत नाही. शेव वेगळी देत असतील तर तेही लिहा, नाहीतर कोरडी शेव पाहून ताट परत येतं. फौजदारी डाळीचं भाषांतर मात्र करूच नका. ‘क्रिमिनल दाल’ छापलेलं कार्ड लोक फोटो काढून नेतात.

कळण्याच्या भाकरीपुढे मालकांना ‘ग्लूटेन-फ्री’ लिहून हवं असतं. ज्वारी आणि उडदात ग्लूटेन नसतं, हे खरं. पण त्याच तव्यावर पोळ्या होत असतील किंवा गिरणीत आधी गहू दळला असेल तर ते लिहिता येत नाही. मी फक्त ‘सोर्घम अँड ब्लॅक-ग्राम फ्लॅटब्रेड’ लिहितो. बेसनाच्या पदार्थांनाही हेच लागू, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. हिंगाची डबी मागून घ्या आणि मागचा मजकूर वाचा.