सोलापूरहून मुंबईला रेल्वेने जावे की विमानाने? कुलूप लावल्यापासूनचा हिशेब कसा मांडावा

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर–मुंबई विमानसेवा सुरू झाली आणि तोवर फक्त गाडीच्या वेळेवर ठरणाऱ्या प्रवासासाठी सोलापूरकरांना खरा पर्याय मिळाला. तेव्हापासून ‘विमानाला तास लागतो, गाडीला साडेसहा तास’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. या वाक्यातील दोन्ही आकडे साधारण बरोबर असले, तरी त्यांची तुलना करणे चूक आहे. कारण विमानाचा तास होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीपासून मुंबईच्या धावपट्टीपर्यंतचा असतो आणि धावपट्टीवर कोणीच राहत नाही. हिशेब घराला कुलूप लावल्यापासून मुक्कामाच्या घराची बेल वाजवेपर्यंतचा मांडला, तरच निर्णय योग्य होतो. तो कसा मांडायचा, हे एका उदाहरणाने पाहू.

जुळे सोलापुरात राहणारे पती-पत्नी आणि पतीची सत्तरी ओलांडलेली आई डोंबिवलीला बारशासाठी निघाले आहेत, असे समजा. तिघांचे मिळून मोठ्या बॅगांतील सामान ५२ किलो आहे. त्यात दोन चादरी, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि बाळंतिणीसाठी घरचे तूप आहे. पुढील भाडी आणि वेळा उदाहरणासाठी धरल्या आहेत. आपल्या तारखेचे आकडे तिकीट काढताना दिसतील, ते त्याच जागी घालावेत.

पहिली पायरी: मुंबईचे टोक आधी पाहा

सोलापूरच्या टोकाला दोन्ही पर्यायांत फारसा फरक पडत नाही. रेल्वे स्टेशन शहरात आहे, विमानतळही शहराला लागूनच आहे, आणि बहुतेक वस्त्यांतून रिक्षाने दोन्हीकडे अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. खरा फरक मुंबईत पडतो, कारण तेथे गाडी कल्याण आणि दादरसारख्या स्टेशनांवर थांबते, तर विमान आपल्याला एकाच ठिकाणी उतरवते. म्हणून ‘मुंबईला जायचे आहे’ एवढ्यावर हिशेब सुरू करू नये. मुंबईत नेमके कोठे, हे कागदावर प्रथम लिहावे.

येथेच एक सावधगिरी बाळगावी लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा उलव्याजवळचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर `BOM` असेल तर विमान अंधेरी–सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर उतरते आणि `NMI` असेल तर नवी मुंबईत. बोरिवलीला जाणाऱ्याने चुकून दुसरे तिकीट काढले, तर हवेत वाचलेला सारा वेळ टॅक्सीत जाईल. पनवेलला जाणाऱ्याला मात्र तेच तिकीट सोयीचे ठरेल.

दुसरी पायरी: वेळ तुकड्यांत लिहा

घर ते स्टेशन किंवा विमानतळ, तेथील थांबणे, प्रत्यक्ष प्रवास, उतरून बाहेर पडणे आणि शेवटचा टप्पा, असे पाच तुकडे करावेत. लोक बहुतेक वेळा दुसरा आणि चौथा तुकडा विसरतात, आणि विमानाच्या बाबतीत नेमके हेच दोन तुकडे मोठे असतात.

विमान दुपारी दोनला सुटणार असे धरू. देशांतर्गत प्रवासात सामान घेण्याची खिडकी साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते, त्यामुळे वृद्ध माणूस आणि तीन मोठ्या बॅगा बरोबर असताना दीड तास आधी पोहोचणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे १२ वाजून १० मिनिटांनी घर सोडावे लागते. विमान ३ वाजून १० मिनिटांनी उतरते, बॅगा पट्ट्यावरून घेऊन बाहेर पडेपर्यंत पावणेचार होतात, आणि जुन्या विमानतळापासून डोंबिवलीपर्यंतच्या टॅक्सीला दुपारच्या वाहतुकीत पावणेदोन तास धरावेच लागतात. घरी पोहोचण्यास साडेपाच वाजतात. एकूण ५ तास २० मिनिटे.

पहाटेची वंदे भारत ६ वाजून ५ मिनिटांनी सुटते. ५ वाजून २५ मिनिटांनी घर सोडले, कल्याणला साडेअकराच्या सुमारास उतरलो आणि स्टेशनाबाहेर येऊन रिक्षाने डोंबिवली गाठली, तर सव्वाबारा होतात. एकूण ६ तास ५० मिनिटे. म्हणजे ज्या फरकाला आपण साडेपाच तास समजत होतो, तो दीड तासावर आला.

आता सिद्धेश्वर एक्सप्रेस पाहू. रात्री साडेदहाच्या सुमारास ती सुटते. पावणेदहाला घर सोडले आणि सकाळी सहाला डोंबिवलीत पोहोचलो, तर घड्याळाचे सव्वाआठ तास गेले. या तीन पर्यायांत सर्वांत जास्त. परंतु त्यांपैकी सुमारे सहा तास आपण बर्थवर आडवे असतो आणि ते तास घरीही झोपेतच गेले असते. म्हणून मी प्रत्येक पर्यायापुढे एकूण वेळ आणि जागेपणीचा गेलेला वेळ असे दोन आकडे लिहितो. विमानाने जागेपणीचे सव्वापाच तास जातात, वंदे भारतने पावणेसात, आणि सिद्धेश्वरने सव्वादोन. मात्र हा हिशेब गाडीत झोप लागणाऱ्यांपुरताच खरा आहे. ज्यांचा गाडीत डोळाच लागत नाही, त्यांनी सव्वाआठ तास पूर्ण धरावेत आणि वर दुसऱ्या दिवशीचा थकवाही मोजावा.

तिसरी पायरी: सामान घरीच तोला

देशांतर्गत साध्या तिकिटावर विमान कंपन्या सहसा माणशी १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली बॅग नेऊ देतात. तिघांचे मिळून ४५ किलो झाले. आपले सामान ५२ आहे. हे सात किलो जड जातात, कारण जादा वजनाचा दर किलोमागे लागतो आणि तो खिडकीवर भरण्यापेक्षा आधी संकेतस्थळावर भरला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो. घरी स्प्रिंगचा हुककाटा असेल तर उत्तम. नसेल तर बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे.

वजनाइतकीच चौकशी बॅगेत काय आहे याचीही होते. तूप, लोणचे असे पातळ किंवा तेलकट पदार्थ हातातल्या बॅगेत असले तर सुरक्षा तपासणीत अडतात. ते घट्ट झाकण लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत घालावेत. पॉवर बँकेचा नियम नेमका उलटा आहे: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी अनेकजण सुके खोबरे बरोबर घेतात. त्यातील तेलामुळे ते पेट घेऊ शकते म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. ते डोंबिवलीतच विकत घ्यावे.

रेल्वेत थ्री-टायर एसीला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते, त्यामुळे ५२ किलोंची तेथे कोणाला अडचण नाही. अडचण उचलण्याची आहे. कल्याणला गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा तीन जड बॅगा आणि आईचा हात एकाच वेळी सांभाळून उतरायचे असते. वंदे भारतमध्ये स्लीपरच्या डब्यासारखी बर्थखाली मोठी जागा नाही, सामान डोक्यावरच्या फळीवर चढवावे लागते आणि दरवाजे आपोआप बंद होतात. त्यामुळे जड सामान असेल तर सिद्धेश्वरचा खालचा बर्थ बरा. स्टेशन येण्याच्या पंधरा मिनिटे आधी बॅगा दरवाजाजवळ आणून ठेवाव्यात आणि कोणी फलाटावर घ्यायला येणार असेल तर त्याला डब्याचा क्रमांक आदल्या रात्रीच कळवावा.

चौथी पायरी: वाचलेल्या तासाची किंमत काढा

विमानाचे भाडे माणशी ३५०० धरले तर तिघांचे १०,५०० होतात. सात किलो जादा सामानाचे २८००, डोंबिवलीच्या टॅक्सीचे १४०० आणि सोलापुरातील रिक्षाचे १५० मिळवले की एकूण १४,८५० रुपये. वंदे भारतच्या चेअर कारचे माणशी ११५० प्रमाणे ३४५० आणि दोन्ही टोकांच्या रिक्षांचे ४०० मिळून ३८५०. फरक ११,००० रुपयांचा आहे, आणि त्याच्या बदल्यात तिघांचा प्रत्येकी दीड तास, म्हणजे एकूण साडेचार तास वाचतात. एका तासाला जवळजवळ २४५० रुपये पडले. हा भाव आपल्याला परवडतो का, एवढाच प्रश्न आता उरतो, आणि बारशाला निघालेल्या कुटुंबासाठी माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

हेच कुटुंब अंधेरीला जाणार असते तर? विमानतळापासून घर पंचवीस मिनिटांवर येते, विमानाचा एकूण वेळ चार तासांवर उतरतो, तर वंदे भारतने दादरला उतरून टॅक्सीने अंधेरी गाठेपर्यंत साडेसात तास होतात. टॅक्सीचे ३०० धरून विमानाचा खर्च १३,७५० आणि दादरच्या टॅक्सीचे ५०० धरून गाडीचा ४१०० होतो. फरक ९६५० रुपयांचा, वाचलेले तास साडेदहा. तासाला सव्वानऊशेच्या आसपास. माणसे तीच, सामान तेच, फक्त पत्ता बदलला आणि भाव निम्म्याहून खाली आला. सामान सात किलोंच्या बॅगेत मावणारा एकटा माणूस असेल तर जादा वजनाचे पैसे जातात, पट्ट्यापाशी थांबणे जाते आणि विमान आणखी स्वस्त पडते.

पाचवी पायरी: बिघडले तर काय, हे आधी ठरवा

सोलापूरसारख्या लहान विमानतळावरून उड्डाण रद्द झाले, तर पैसे परत मिळतात, पण त्याच दिवशी दुसरे विमान मिळेलच असे नाही. रेल्वेमार्गावर मात्र दिवसभर गाड्या असतात, त्यामुळे एक चुकली तरी उभ्याने का होईना पोहोचण्याची शक्यता राहते. रुग्णालयाची ठरलेली वेळ, परीक्षा किंवा मुहूर्त असेल तर विमानाने आदल्या दिवशी तरी जावे, अन्यथा रात्रीची गाडी धरावी.

गाडीचा धोका वेगळा आहे. तो तिकिटाचा आहे. वेटिंगचे तिकीट हा पर्याय नव्हेच, तो हिशेबात धरू नये. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि सणासुदीला खालचे बर्थ पहिल्या काही दिवसांतच संपतात. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस धावत नाही, हेही तारीख ठरवण्यापूर्वी पाहावे. गाडी आपल्या स्टेशनावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर टीडीआर भरून पूर्ण भाडे परत मागता येते. मात्र तो अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो.

परतीचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा. चादरी, चटणी आणि तूप डोंबिवलीतच राहिलेले असते, ५२ किलोंचे तीस झालेले असतात आणि जादा वजनाचे २८०० रुपये हिशेबातून गळतात. पण विमान गाठण्यासाठी डोंबिवलीहून पावणेदोन तासांची टॅक्सी तशीच राहते, आणि वाहतूक तुंबली तर विमान चुकेल म्हणून त्यात आणखी पाऊण तास मिळवावा लागतो.