डॉलरचं बिल मार्चमध्ये, पैसे एप्रिलमध्ये: नोंदीआधीची तयारी

"अहो मॅडम, ३१ मार्चपासून डॉलर वर गेलाय. मग एप्रिलमध्ये तुम्ही डॉलरचा तोटा कसा काय दाखवताय?" भोसरीतल्या एका डिझाइन ऑफिसच्या मालकांनी मला फोनवर हे विचारलं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बिलाचे रुपये आणि बँकेत पडलेले रुपये यांत २,९८८ रुपयांचा फरक होता आणि मी तो सगळाच्या सगळा 'परकीय चलन तोटा' या खात्यात टाकून मोकळी झाले होते. तेव्हापासून परदेशी बिल असलेल्या प्रत्येक अशिलासाठी मी ठरावीक तयारी आधीच करून ठेवते. खालचं उदाहरण त्याच बिलाचं आहे. दर तेवढे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल करून घेतले आहेत.

बिल करायच्या आधीच तीन गोष्टी तपासून घ्या. एक म्हणजे जीएसटीचं एलयूटी, कर न भरता निर्यात करता यावी म्हणून द्यायचं हमीपत्र. ते दर आर्थिक वर्षाला `RFD-11` फॉर्ममधून नव्याने भरावं लागतं, गेल्या वर्षीचं यंदा चालत नाही. दुसरं, टॅलीमध्ये `F11` दाबून `Enable multi-currency` चालू करा आणि डॉलर हे चलन तयार करा. ग्राहकाच्या खात्यात `Maintain balances bill-by-bill` ला 'यस' हवं, नाहीतर पुढे कोणत्या बिलावर किती फरक आला हे काढता येत नाही. तिसरी गोष्ट बिलाच्या तळाशी लिहायची असते आणि बहुतेक लोक ती लिहीत नाहीत: पैसे पाठवताना बँकेचे चार्जेस कोण भरणार. ग्राहकाने त्याच्या बँकेत `OUR` निवडलं तर वाटेतल्या बँकांचा खर्च तो भरतो. `SHA` निवडलं तर मधली बँक आपल्या रकमेतून दहा-वीस डॉलर कापून घेते आणि पुढच्या सगळ्या गोंधळाला तिथून सुरुवात होते.

आता बिलाचा दिवस. १० मार्चला ५,००० डॉलरचं बिल निघालं. दर कुठला घ्यायचा? माझी पद्धत अशी की एफबीआयएलचा त्या दिवसाचा संदर्भ दर घ्यायचा. २०१८च्या जुलैपर्यंत हा दर रिझर्व्ह बँक जाहीर करायची, तेव्हापासून एफबीआयएल करते. तुमच्या ऑफिसात स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर वापरायची रीत असेल तर तीही चालेल. मात्र एकदा जो दर ठरवला तोच वर्षभर प्रत्येक बिलाला लावायचा. सोयीचा दिसेल तो दर उचलायचा नाही आणि मोबाइलवर शोधून दिसलेला तर मुळीच नाही, कारण तो दिवसभर बदलत राहतो आणि सहा महिन्यांनी ऑडिटरला दाखवायला हातात काही उरत नाही. शनिवार-रविवार किंवा गुढीपाडव्यासारखी सुट्टी असेल तर एफबीआयएलचा दर निघत नाही, तेव्हा आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा घ्या. दराच्या पानाची प्रिंट काढून बिलाला टाचणी लावा. मी आजही कागदावरच ठेवते.

१० मार्चचा दर ८६.०० धरू. ग्राहकाच्या नावे ४,३०,००० आणि निर्यात सेवेचं उत्पन्न ४,३०,०००. जीएसटीसाठीही सेवेला हाच दर चालतो, कारण नियम ३४ प्रमाणे सेवेच्या बाबतीत हिशेबाच्या सर्वमान्य तत्त्वांनी येणारा दर घ्यायचा असतो. मालाच्या निर्यातीला मात्र कस्टम्सने अधिसूचित केलेला दर लागतो, तो वेगळा विषय आहे. `GSTR-1` मध्ये तक्ता `6A` ला ४,३०,००० भरलेत की ती रक्कम तिथेच राहणार. पुढे बँकेत कमी-जास्त काहीही आलं तरी तिथे दुरुस्ती करायची नाही. चलनाचा फरक हा सेवेचा मोबदला नाही.

३१ मार्चला पैसे आलेले नसतील तर येणं तसंच ८६च्या दराने ठेवून चालत नाही. एएस ११ प्रमाणे (मोठ्या कंपन्यांना इंड एएस २१ प्रमाणे) येणी, देणी, बँकेतले डॉलर अशा पैशांच्या बाबी वर्षअखेरच्या दराने मांडायच्या आणि फरक नफातोटा पत्रकात न्यायचा. ३१ मार्चचा दर ८५.४० होता. म्हणजे ५,००० डॉलरची किंमत ४,२७,००० झाली आणि ३,००० रुपयांचा तोटा त्याच वर्षात नोंदला गेला. उत्पन्नाच्या खात्याला मात्र हात लावायचा नाही, ते ४,३०,०००च राहतं. उत्पन्न कमी करून टाकलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. मग जीएसटीची उलाढाल आणि ताळेबंदातली उलाढाल जुळेना म्हणून लोक डोकं धरून बसतात. रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या फ्रीलान्सरला ही वर्षअखेरची पायरी लागत नाही.

बाकीची सगळी तयारी खरं तर ज्या दिवसासाठी असते, तो पैसे आल्याचा दिवस. आमच्या बाबतीत २२ एप्रिल. बँकेच्या स्टेटमेंटला एकच ओळ होती, जमा ४,२७,०१२. या एका ओळीवरून नोंद करायची नाही, हा धडा मी त्या २,९८८ रुपयांनी शिकले. आधी दोन कागद हातात हवेत. पहिला बँकेचा इनवर्ड रेमिटन्सचा ॲडव्हाइस, म्हणजे एफआयआरए. त्यात किती डॉलर आले आणि कोणत्या दराने रुपये केले हे असतं. दुसरी ग्राहकाकडून मागवायची स्विफ्ट कॉपी. त्यात ग्राहकाने किती पाठवायला सांगितले ती रक्कम दिसते.

ॲडव्हाइसवर ४,९८० डॉलर होते, दर ८५.९०. स्विफ्ट कॉपीवर पाठवलेली रक्कम पूर्ण ५,००० होती. म्हणजे २० डॉलर मधल्या बँकेने घेतले. ही खात्री करणं फार गरजेचं आहे. कारण कॉपीवरही ४,९८०च असते तर ते २० डॉलर ग्राहकाने स्वतः कमी दिलेले असते आणि ते अजून त्याच्याकडून येणं राहिलं असतं, खर्च झाला नसता.

मग रुपये. ४,९८० गुणिले ८५.९० म्हणजे ४,२७,७८२. बँकेने त्यातून ॲडव्हाइसचे २५० आणि त्यावर १८ टक्क्यांनी ४५ रुपये जीएसटी कापला. शिवाय ४७५ रुपयांची आणखी एक कपात होती, ती चलन बदलून देण्यावरचा जीएसटी. हा कर पूर्ण रकमेवर नसतो. नियमाने ठरवलेल्या मूल्यावर असतो: पहिल्या एक लाखावर १ टक्का, त्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर अर्धा टक्का. आपल्या रकमेला हे मूल्य १,००० अधिक सुमारे १,६३९ असं येतं आणि त्याचे १८ टक्के ४७५. वजाबाकी करा, बरोबर ४,२७,०१२ उरतात. इथे एक रुपयाही जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, एखादी कपात नजरेतून सुटली आहे.

आता नोंद अशी उभी राहते:

```
बँक                      नावे   4,27,012
मधल्या बँकेचा खर्च ($20)   नावे     1,718
बँक चार्जेस               नावे       250
जीएसटी इनपुट क्रेडिट       नावे       520
   ग्राहक ($5,000)        जमा   4,27,000
   परकीय चलन नफा         जमा     2,500
```

ग्राहकाने पूर्ण ५,००० डॉलर दिले, म्हणून त्याचं खातं पूर्ण ५,०००ने मिटतं. ८५.९०ने त्याची किंमत ४,२९,५०० होते, पुस्तकात ती ४,२७,००० होती, आणि मधले २,५०० हा एप्रिलचा नफा. मालक म्हणत होते तेच खरं होतं: डॉलर वर गेला आणि फायदाच झाला. मी तोटा म्हणून दाखवलेल्या २,९८८ मध्ये चलनाचा खरा तोटा दोन्ही वर्षं मिळून फक्त ५०० होता, म्हणजे मार्चचे ३,००० वजा एप्रिलचे २,५००. उरलेल्यात १,९६८ बँकांचा खर्च होता आणि ५२० तर खर्चच नव्हता, ते जीएसटीचं क्रेडिट होतं. मी ते तोट्यात टाकून गमावलं असतं. हे क्रेडिट मिळायचं असेल तर बँकेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला हवा आणि ही रक्कम `GSTR-2B` मध्ये दिसायला हवी. नोंदवलेला नसेल तर या आठवड्यात शाखेत जाऊन देऊन या. तोवर ते ५२० खर्चातच जातील.

बँकेचा ८५.९० आणि त्या दिवसाचा संदर्भ दर यांतही थोडं अंतर असतं, तो बँकेचा नफा. छोट्या ऑफिसात मी तो वेगळा काढत नाही, चलन फरकातच राहू देते. पैसे ईईएफसी खात्यात डॉलरमध्येच ठेवले असतील तर मात्र ग्राहकाचं खातं त्या दिवसाच्या संदर्भ दराने मिटवा. पुढे ते डॉलर विकताना येणारा फरक हा वेगळा, त्या खात्याचा. आणि ग्राहकाने आगाऊ रक्कम दिली असेल तर ती ३१ मार्चला नव्या दराने मांडायची नसते, कारण तिच्या बदल्यात आपल्याला पैसे नाही, काम द्यायचं आहे.

टॅलीत वरची नोंद एका व्हाउचरमध्ये बसत नाही. रिसीटमध्ये डॉलर आणि दर टाकला की ग्राहकाच्या खात्यात ८५.९०ने ४,२९,५०० जमा होतात आणि २,५००चा फरक ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` या नावाने लोंबकळत राहतो. तो जर्नल व्हाउचरने चलन फरकाच्या खात्यात न्यावा लागतो, आपोआप जात नाही. ३१ मार्चचे ३,००० सुद्धा असेच न्यायचे. शेवटी ग्राहकाचं खातं उघडून दोन्ही बाकी बघा. डॉलर शून्य आणि रुपयेही शून्य असतील तर बिल मिटलं. डॉलर शून्य असून रुपयांत बाकी दिसत असेल तर जर्नल राहिलं आहे. डॉलरमध्येच २० दिसत असतील तर स्विफ्ट कॉपी पुन्हा काढून बघा.