भिंगाच्या गणितात चिन्हं चुकतात ती कुठे? या चुका टाळा

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेमी, वस्तू भिंगापासून ६ सेमीवर; प्रतिमा कुठे मिळेल? दहावीच्या वर्गात हे गणित घातलं की तीन उत्तरं हमखास येतात: ३.७५, १५ आणि −१५. सूत्र तिन्ही वह्यांत बरोबर लिहिलेलं असतं, अपूर्णांकांची आकडेमोडही चोख असते. उणे चिन्ह कुठे घातलं आणि किती वेळा घातलं, एवढ्यावरच सगळा घोळ होतो.

आधी संकेत नेमका काय आहे ते पाहू. कार्टेशियन चिन्ह संकेत म्हणजे आलेखाच्या कागदावरचेच अक्ष. भिंगाचा प्रकाशीय मध्य O हा आरंभबिंदू आणि मुख्य अक्ष हा X अक्ष. वस्तू डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. O पासून उजवीकडचं अंतर धन, डावीकडचं ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. सूत्र असं:

१/v − १/u = १/f

या संकेतात चिन्ह फक्त बाजू सांगतं. प्रतिमा वास्तव की आभासी हे त्या बाजूवरून आपण नंतर ठरवतो. हा क्रम उलटा केला की चुका सुरू होतात.

u ला उणे द्यायचं राहून जातं

प्रश्नात 'वस्तू ६ सेमी अंतरावर' असं साधं लिहिलेलं असतं, उणे कुठेच छापलेलं नसतं. ते आपण द्यायचं, कारण वस्तू डावीकडे आहे. u = −६ घेतलं की:

१/v = १/१० + १/(−६) = (३ − ५)/३० = −१/१५, म्हणून v = −१५ सेमी

चिन्ह विसरलं तर १/v = १/१० + १/६ = ८/३०, म्हणजे v = ३.७५. आकडा सुटसुटीत, धन, संशय यावा असं त्यात वरवर काहीच नाही. तरी तो पकडता येतो. खूप लांबच्या वस्तूकडून येणारे किरण समांतर असतात आणि बहिर्वक्र भिंग त्यांना नाभीत, १० सेमीवर एकत्र आणतं. वस्तू जवळ आणली की किरण पसरतच भिंगावर येतात, त्यामुळे त्यांना एकत्र यायला नाभीच्या पलीकडेच जावं लागतं. म्हणजे डावीकडे ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा उजवीकडे O आणि F यांच्यामध्ये पडूच शकत नाही. बहिर्वक्र भिंगाच्या गणितात v धन आलं आणि ते f पेक्षा कमी निघालं, तर पुढचा भाग सोडवत बसू नका. u चं चिन्ह तपासा.

जे शोधायचं आहे त्याला आधीच चिन्ह देणं

ही चूक हुशार मुलांची. वस्तू नाभीच्या आत आहे, म्हणजे प्रतिमा आभासी, म्हणजे v ऋण, हे त्यांना आधीच कळलेलं असतं. म्हणून ते सूत्रातच −v लिहितात:

१/(−v) − १/(−६) = १/१०

यातून v = १५ येतं. ते चूकही नाही, कारण इथे v म्हणजे नुसतं अंतर आणि उणे आधीच बाहेर लिहिलेलं आहे. पण चार ओळींनंतर ते विसरलेलं असतं. 'v धन आहे, म्हणून प्रतिमा वास्तव व भिंगाच्या उजवीकडे' असं वाक्य खाली येतं आणि बरोबर सुरुवात केलेलं गणित चुकीच्या उत्तरावर संपतं. भिंगाचं गणित तपासताना मला सगळ्यात जास्त हळहळ याच जागी वाटते.

तेव्हा किंमत माहीत असेल त्याच राशीला चिन्ह द्या, तेही किंमत घालताना, एकदाच. अज्ञात राशी कोरीच ठेवा. तिचं चिन्ह उत्तरातून बाहेर येऊ द्या. त्याआधी 'माहिती' लिहिताना u = −६ सेमी, f = +१० सेमी असं चिन्हासकट लिहायची सवय केली, तर पुढे सूत्रात काही बदलावं लागत नाही. f च्या आधीचं अधिकही लिहा. ते दिसलं की चिन्हाचा विचार झाला आहे हे आपल्यालाही कळतं.

आकृती काढता, पण तिला विचारत नाही

किरणाकृती गुण मिळवण्यासाठी शेवटी काढायची गोष्ट समजली जाते. खरं तर v चं चिन्ह तपासायचं तेच सगळ्यात सोपं साधन आहे, मात्र आकृती प्रमाणात हवी. याच गणितासाठी वहीतला १ सेमी म्हणजे प्रत्यक्षातले २ सेमी असं प्रमाण घ्या. मग दोन्ही नाभी O पासून ५ सेमीवर येतात आणि वस्तू डावीकडे ३ सेमीवर. वस्तूची उंची वहीत १ सेमी ठेवा.

वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर जाणारा किरण भिंगातून गेल्यावर उजवीकडच्या नाभीतून जातो. दुसरा किरण O मधून न वळता सरळ जातो. उजवीकडे हे दोन्ही एकमेकांपासून लांब जाताना दिसतील. इथे पुष्कळ जण घाबरून कोन जरा बदलतात आणि त्यांना बळेच भेटवतात. तसं करू नका. ते भेटत नाहीत, हीच तर माहिती आहे: उजवीकडे प्रतिमा नाही, v धन असू शकत नाही. दोन्ही किरण तुटक रेषेनं मागे वाढवा. ते डावीकडे ७.५ सेमीवर, अक्षाच्या वर २.५ सेमी उंचीवर छेदतात. प्रमाणानं ७.५ चे १५ झाले, बाजू डावी, म्हणजे −१५.

खात्री हवी असेल तर तिसरा किरण काढा. डावीकडची नाभी आणि वस्तूचं टोक यांना जोडणारी रेषा पुढे भिंगापर्यंत न्या. तिथून किरण अक्षाला समांतर जातो. या आकृतीत ही रेषा भिंगाच्या जागी २.५ सेमी उंचीवर पोहोचते. भिंग त्यापेक्षा लहान काढलेलं असेल तर किरण भिंगाला चुकवून वरून जाताना दिसेल. त्यानं बिघडत नाही. O मधून जाणारी उभी रेषा वर वाढवा आणि किरण त्या रेषेवर वळवा. पातळ भिंगाच्या आकृतीत तीच रेषा म्हणजे भिंग. किरण दोन्ही पृष्ठभागांवर वेगवेगळा वळवत बसलात, किंवा फुगीर भिंग काढून अंतर O ऐवजी पृष्ठभागापासून मोजलंत, तर उत्तर हमखास सरकतं. भिंग वहीत १ सेमी जाड असेल तर या प्रमाणात तेवढ्यानंच १ सेमीचा फरक पडतो.

अंतर्वक्र भिंगाचं f

f चं चिन्ह पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतं ते पाहा. डावीकडून आलेले समांतर किरण भिंगातून गेल्यावर जिथे भेटतात, किंवा जिथून आल्यासारखे वाटतात, तिथपर्यंतचं अंतर म्हणजे f. बहिर्वक्र भिंगात ती जागा उजवीकडे असते, अंतर्वक्रात डावीकडे. म्हणून अंतर्वक्राचं f ऋण. आकृतीतली नेहमीची चूकही हीच: समांतर किरण अंतर्वक्र भिंगातून उजवीकडच्या नाभीकडे वळवतात. तो बाहेर फाकायला हवा आणि मागे वाढवल्यावर डावीकडच्या नाभीत मिळायला हवा.

f = −२० सेमी, u = −३० सेमी घेतल्यास १/v = −१/२० − १/३० = −१/१२, v = −१२ सेमी. f चं उणे विसरलं तर v = +६० येतं, म्हणजे अंतर्वक्र भिंगानं पडद्यावर चित्र पाडलं! समोर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा अंतर्वक्र भिंग एकट्यानं पडद्यावर कधीच आणत नाही.

'तिप्पट प्रतिमा' म्हणजे +३ की −३?

भिंगासाठी विशालन M = v/u. पहिल्या गणितात M = (−१५)/(−६) = +२.५, म्हणजे प्रतिमा सुलट. आकृतीतही उंची वरच्या बाजूला २.५ आली होती.

आता f = १५ सेमी असलेल्या बहिर्वक्र भिंगानं पडद्यावर तिप्पट प्रतिमा हवी आहे, वस्तू कुठे ठेवाल? सर्रास M = ३ लिहितात. मग v = ३u, आणि सूत्रातून u = −१०, v = −३० निघतं. गणित बरोबर, पण ही प्रतिमा डावीकडे आहे. तिथे पडदा धरून काहीच दिसणार नाही. पडदा म्हटला की वास्तव प्रतिमा, ती उलटी, म्हणून M = −३, v = −३u. मग १/(−३u) − १/u = १/१५, त्यावरून u = −२०, v = +६०. प्रश्नात पडद्याचा किंवा सुलट-उलट असा काहीच उल्लेख नसेल, तर दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही लिहावीत.

v दिलेलं असेल तेव्हा

इथे मात्र चिन्ह आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि चष्म्याच्या गणितात ते फार चुकतं. चाळिशी लागलेल्या माणसाला ७५ सेमीच्या अलीकडचं स्पष्ट दिसत नाही. त्याला पुस्तक २५ सेमीवर धरून वाचायचं आहे. भिंगानं २५ सेमीवरच्या पानाची प्रतिमा ७५ सेमीवर न्यायची, पण कुठल्या बाजूला? डोळ्यासमोर, पान आहे त्याच बाजूला. म्हणून u = −२५, v = −७५.

१/f = −१/७५ + १/२५ = २/७५, f = ३७.५ सेमी

शक्ती सुमारे +२.६७ डायऑप्टर. v = +७५ घेतलंत तर f = १८.७५ सेमी आणि शक्ती +५.३३, म्हणजे बरोब्बर दुप्पट नंबर. तो चष्मा घातला तर २५ सेमीवरच्या पानाचे किरण डोळ्यात शिरतानाच एकत्र येऊ लागलेले असतील आणि अक्षरं धूसर दिसतील.

दोन संकेतांची सरमिसळ

आरशाचं सूत्र १/v + १/u = १/f आणि विशालन −v/u; भिंगात दोन्हीकडची ही चिन्हं बदलतात. आरशाचं सूत्र भिंगाला लावून u = −६ घातलं तर पुन्हा तेच ३.७५ येतं. 'किरण एकत्र आणतो त्याचं f धन' हा नियमही भिंगापुरताच धरा. अंतर्वक्र आरसा किरण एकत्र आणतो, तरी या संकेतात त्याचं f ऋण असतं.

परदेशी व्हिडिओंत बरेचदा भिंगासाठीही १/u + १/v = १/f लिहून u धन घेतात. तो वेगळा संकेत आहे: वास्तव ते धन, आभासी ते ऋण. त्यातही u = ६ घातलं की v = −१५ च येतं, म्हणून फरक लक्षात येत नाही. पण तिथे विशालन M = −v/u असतं. तिकडचं u = +६ उचलून आपल्या v/u मध्ये टाकलं तर M = −२.५ येतं आणि भिंगातून सुलट दिसणारी प्रतिमा कागदावर उलटी होते. सूत्र ज्या संकेतातलं घेतलं, चिन्हं आणि विशालनही त्याच संकेतातलं घ्या.