आजोबांच्या टॅबवर पावती जपण्याची खटपट

आजोबा वीजबिल टॅबवर भरतात. हिरवी खूण दिसली की समाधानाने पान बंद. एकदा पुढच्या बिलात थकबाकी आली आणि दाखवायला हाती काहीच नव्हतं.

म्हणून स्क्रीनशॉट शिकवायला बसलो. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबा, म्हटलं. पण बोटं पुढेमागे पडायची. कधी आवाजाची पट्टी यायची, कधी स्क्रीनच बंद. शेवटी टॅब टेबलावर ठेवला. दोन्ही बोटं आधी बटणांवर नुसती टेकवायची, मग "एक, दोन, तीन" म्हणून दाबायची. तिसऱ्या खेपेला स्क्रीन लुकलुकली. "आला की रे फोटो!"

फोटो आला, पण रक्कम वर सरकून गेलेली. मग ठरवलं, रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक तिन्ही दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि लगेच गॅलरी उघडून बघायचं.

त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये मात्र सुरक्षेसाठी स्क्रीनशॉट बंदच आहे. तिथे ते क्रमांक वहीत उतरवतात. वहीवर त्यांचा भरवसा तसाही जास्त.