एनपीव्ही काढण्याआधी एकक तपासा

लाखाच्या जागी कोटी पडला तर चूक लगेच डोळ्यात भरते. खरा धोका असतो तो छोट्या ओळीत.

समजा, गुंतवणूक २ कोटी, पाच वर्षे दरवर्षी जमा ६० लाख, सवलत दर १२ टक्के. देखभाल खर्चाचा तक्ता मात्र हजारांत आलाय: दरवर्षी ८००. म्हणजे ८ लाख. हजारांचे लाख करताना १०० ने भागायचं असतं, पण सवयीने १००० ने भागलं जातं आणि शीटमध्ये ०.८ बसतं.

पाच वर्षांचा वार्षिकी गुणक ३.६०४८. बरोबर हिशेबाने निव्वळ जमा ५२ लाख, तिचं आजचं मूल्य १८७.४५ लाख, म्हणून एनपीव्ही उणे १२.५५ लाख. चुकीच्या हिशेबात ५९.२ लाख धरले जातात आणि एनपीव्ही अधिक १३.४० लाख दिसतो! शेजारी ६ लाख एनपीव्ही असलेला चांगला प्रकल्प असेल, तर तो हकनाक मागे पडतो. एनपीव्ही ही दोन मोठ्या रकमांमधली वजाबाकी असल्यामुळे छोटी चूकही चिन्ह फिरवते. आयआरआर बघूनही हे कळत नाही, कारण तोही त्याच आकड्यांवर निघतो.

म्हणून प्रत्येक ओळीचं गुंतवणुकीशी प्रमाण काढा. इथे देखभाल ४ टक्क्यांऐवजी ०.४ टक्के आली असती, आणि यंत्रं ओळखणारा माणूस तिथेच थांबला असता. शक्यतो सेलमध्ये पूर्ण रुपयेच ठेवा. लाख-कोटी फक्त शेवटच्या उत्तरात करा.